‘काम’ म्हणजे ‘वर्क’ नव्हे
अमेरिकेच्या विमानतळावर व्यापाऱ्याला विचारले जाणारे सवाल आणि त्यांचे जवाब

सोलापूरचा टॉवेल अमेरिकेत अनेक वर्षांपासून जातो. पूर्वी तो मुंबईच्या निर्यातदारामार्फत जात असे. आता आपल्यापैकी बरेच लहान व्यापारी स्वतःच्या नावाने माल पाठवितात आणि गिऱ्हाइकाला भेटण्यासाठी, प्रदर्शनात गाळा घेण्यासाठी किंवा नुसते बाजार पाहण्यासाठी स्वतः तिकडे जातात. व्हिसा मिळाला की आपण समजतो, मैदान मारले. प्रत्यक्षात मुंबईच्या वकिलातीने दिलेला व्हिसा हा फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना असतो. दार उघडायचे की नाही आणि उघडले तर किती दिवसांसाठी, हे तेथील विमानतळावर खिडकीत बसलेला अधिकारी ठरवितो. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षे राहण्याची मुभा, असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. दहा वर्षे ही दारावर येण्याची मुदत आहे, आत राहण्याची नव्हे.

या खिडकीवर काय विचारतात आणि काय सांगावे, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

२०१८ च्या जुलै महिन्यात मी पहिल्यांदा अमेरिकेला गेलो. न्यूयॉर्कच्या जॅविट्स सेंटरमध्ये दर वर्षी उन्हाळ्यात कापडाचे आणि घरगुती वापराच्या कापडी वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरते. ते पाहायचे होते आणि आमचे टॉवेल घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाला समक्ष भेटायचे होते. माझे सारे शिक्षण उर्दू शाळेतले. व्यापारापुरते इंग्रजी येते, पण ते बाजारात शिकलेले. विमानातून उतरल्यावर रांगेत दीड तास गेला. खिडकीतील अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि विचारले, कशासाठी आलात?

मी म्हणालो, “आय हॅव कम फॉर सम वर्क.”

त्याने मान वर केली. “कसले वर्क?”

“आय हॅव टू मीट माय पार्टी.”

आपल्या बाजारात ‘पार्टी’ म्हणजे गिऱ्हाईक किंवा माल घेणारी पेढी. ‘पार्टी चांगली आहे’, ‘पार्टीचा पैसा अडकला’ असे आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. अमेरिकन माणसाला पार्टी म्हणजे मेजवानी किंवा राजकीय पक्ष. तो गोंधळला. किती दिवस राहणार, असे त्याने विचारले. मी म्हणालो, “टेन-फिफ्टीन डेज.” परतीचे तिकीट मात्र एकविसाव्या दिवसाचे होते. राहणार कोठे? “माय ब्रदर्स हाऊस, न्यू जर्सी.”

त्याने संगणकाकडे पाहिले आणि पासपोर्ट एका पाकिटात टाकून मला आतल्या खोलीत पाठविले. त्या खोलीत मी अडीच तास बसलो होतो.

यात त्या अधिकाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याच्या कानांनी ऐका म्हणजे समजेल. समोरचा माणूस सांगतो की मी काम करायला आलो आहे, किती दिवस ते नक्की नाही, आणि भावाकडे राहणार आहे. व्हिसाच्या अर्जात मात्र याच माणसाने लिहिले आहे की अमेरिकेत माझा भाऊ-बहीण कोणी नाही आणि मी हॉटेलात उतरणार आहे. तो माझा सख्खा भाऊ नव्हता, मामेभाऊ होता. आपल्याकडे चाचाचा, मामूचा, खालाचा मुलगा ‘भाई’च असतो आणि इंग्रजीत बोलताना आपण सरळ ‘ब्रदर’ म्हणून मोकळे होतो. मी एकही गोष्ट खोटी बोललो नव्हतो, आणि तरीही माझी चारही उत्तरे माझ्याच कागदांच्या विरुद्ध गेली होती.

अर्ज स्वतः वाचा

अमेरिकेच्या व्हिसासाठी जो अर्ज संगणकावर भरावा लागतो त्याला डीएस-१६० म्हणतात. आपले बहुतेक लोक तो एजंटाकडून भरून घेतात आणि हातात फक्त शेवटचे एक पान घेतात, ज्यावर फोटो आणि पट्ट्यांची खूण असते. त्या पानावर उत्तरे नसतात. उत्तरे आतल्या पानांत असतात आणि ती सारी पाने छापून घेण्याची सोय अर्ज भरतानाच असते. एजंटाला सांगून तो पूर्ण अर्ज छापून घ्या आणि घरात कोणा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. त्यात तुमच्या प्रवासाचा उद्देश, किती दिवस राहणार, कोठे उतरणार, खर्च कोण करणार, अमेरिकेत ओळखीचे कोण, सख्खे नातेवाईक कोण, धंद्याचे नाव आणि महिन्याची कमाई हे सर्व लिहिलेले असते. विमानतळावरील अधिकाऱ्याला ही माहिती त्याच्या संगणकावर पाहता येते. तो जे सवाल करतो ते बहुतांशी याच अर्जातले असतात. म्हणजे परीक्षेचा पेपर आणि उत्तरे दोन्ही तुमच्याच हातात आहेत, फक्त ती दुसऱ्याने लिहिलेली आहेत.

अर्ज भरून काही वर्षे झाली असतील तर त्यातील गोष्टी बदललेल्या असू शकतात. व्हिसा दहा वर्षे चालतो, पण हॉटेल, गिऱ्हाईक, धंद्यातील भागीदारी बदलते. बदल होणे गुन्हा नाही. विचारल्यास “तेव्हा तसे होते, आता असे आहे” एवढे सांगता आले पाहिजे आणि आताच्या गोष्टीचा कागद जवळ पाहिजे.

व्यापारी व्हिसावर काय करता येते

बहुतेक भारतीयांना बी-१ आणि बी-२ असा जोड व्हिसा मिळतो. बी-१ व्यापाराच्या भेटीसाठी आणि बी-२ सैर, नातेवाइकांची भेट वा इलाजासाठी. त्यापैकी कोणत्या नावाखाली आत सोडायचे हे खिडकीवर ठरते आणि ते तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरते.

बी-१ वर गिऱ्हाइकाशी बोलणी करता येतात, करारावर सही करता येते, प्रदर्शन पाहता येते, नमुने दाखविता येतात आणि भारतात तयार होणाऱ्या मालाची ऑर्डर घेता येते. अमेरिकेत नोकरी करता येत नाही, कोणाच्या दुकानात बसता येत नाही आणि बरोबर नेलेला माल तेथे किरकोळीने विकून पैसे करता येत नाहीत.

ही रेघ नेमकी कोठे आहे हे समजण्यासाठी एक जुना खटला सांगण्यासारखा आहे, आणि तो आपल्याच धंद्यातला आहे. हाँगकाँगच्या एका शिंपी कंपनीचा माणूस अमेरिकेत येऊन लोकांची मापे घेत असे. गिऱ्हाईक कापड पसंत करी, हा माप लिहून घेई, ऑर्डर हाँगकाँगला पाठवी, तेथे सूट शिवून होई आणि परस्पर गिऱ्हाइकाला पाठविला जाई. अमेरिकन खात्याचे म्हणणे असे की हे तर काम झाले, व्यापारी भेट नव्हे. हिरा खटला म्हणून तो ओळखला जातो. १९६६ साली त्याचा अखेरचा निकाल त्या शिंपी कंपनीच्या माणसाच्या बाजूने लागला. कारण असे दिले गेले की त्याचा पगार अमेरिकेतून येत नव्हता, धंद्याची मूळ जागा हाँगकाँगला होती आणि नफाही तेथेच पडत होता. मापे घेणे हे परदेशातील धंद्याला लागूनच असलेले कार्य धरले गेले. आजही व्यापारी व्हिसाचा विचार करताना हा निकाल आधाराला घेतात.

आपल्या टॉवेलवाल्याने हेच तीन मुद्दे ध्यानात धरावेत. माल सोलापुरात बनतो, माझी कमाई सोलापुरात होते, आणि मी फक्त ऑर्डर घेऊन परत जातो. अधिकाऱ्याने कितीही फिरवून विचारले तरी प्रामाणिक व्यापाऱ्याचे उत्तर या तीन गोष्टींच्या बाहेर जात नाही. उलट जो मनुष्य दोन मोठ्या बॅगांत शंभर-दीडशे टॉवेल भरून मामेभावाच्या दुकानात विकायला निघाला असेल, त्याला कोणतेही उत्तर वाचवू शकणार नाही आणि मी त्याला शिकवूही इच्छित नाही.

आता भाषेकडे येतो. मराठीत ‘कामासाठी आलो’ आणि उर्दूत ‘काम से आया हूँ’ हे साधे वाक्य आहे. बँकेत जायचे असले तरी आपण कामासाठीच जातो. त्याचे इंग्रजी करताना ‘वर्क’ हा शब्द येतो आणि अमेरिकन अधिकाऱ्याच्या कानी त्याचा अर्थ नोकरी, मजुरी असाच पडतो. म्हणून ‘वर्क’ हा शब्द विमानातच सोडून यावा. उद्देश विचारल्यावर म्हणावे, “बिझनेस मीटिंग्ज अँड ट्रेड शो.” लगेच पुढचा सवाल येईल, कसला बिझनेस? “आय मेक टॉवेल्स इन इंडिया. माय बायर इज हिअर.” स्वतःचे लूम नसून माल विकत घेऊन पाठवीत असाल तर ‘मेक’ म्हणू नका, ‘एक्स्पोर्ट’ म्हणा. पार्टीला ‘बायर’ म्हणावे, मालाला ‘टॉवेल्स’ म्हणावे. ‘हेल्प’ हा शब्दही घातक आहे. मामेभावाच्या दुकानात त्याला हेल्प करीन, असे कौतुकाने सांगणाऱ्या माणसाने पगाराशिवाय का होईना, काम करणार असल्याचीच कबुली दिली, असे धरले जाऊ शकते.

दिवस विचारले तर आकडा एकच सांगावा. ‘दहा-पंधरा’ नव्हे. परतीच्या तिकिटावर जो दिवस आहे त्यावरून हिशेब करून “ट्वेंटी डेज” म्हणावे. तारीख सांगताना महिन्याचे नाव घ्यावे, कारण अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. आपण ५/८ लिहून ऑगस्टची पाच तारीख म्हणतो, तो मे महिन्याची आठ तारीख वाचतो. गिऱ्हाइकाचे पत्र आणि आपल्या पेढीचे पत्र या दोन्हींवर महिना अक्षरात लिहून घेतला तर ही भानगड उद्भवत नाही.

नात्याबाबत ‘कझिन’ हा शब्द वापरावा. ‘कझिन ब्रदर’ असेही नको. घाईत समोरच्याला ‘ब्रदर’ तेवढेच ऐकू जाते.

कागद कोणते आणि कसे

आतल्या खोलीत मला कागदांनी वाचविले. माझ्या हातातील प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रदर्शनाच्या नोंदणीचा कागद होता, गिऱ्हाइकाचे इंग्रजी पत्र होते, ज्यात त्याने कोणत्या दिवशी, कोठे आणि कशासाठी भेटायचे ते लिहिले होते, आणि आधीच्या वर्षी त्याला पाठविलेल्या मालाचे इन्व्हॉइस होते. दुसऱ्या अधिकाऱ्याने, ती एक बाई होती, पत्रावरचे नाव आणि इन्व्हॉइसवरचे नाव ताडून पाहिले. मग विचारले, या टॉवेलचे वजन किती? मी म्हणालो, साडेचारशे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम. किती डझन पाठविता, कोणत्या बंदरातून जातो, किती दिवस लागतात, असे तिने विचारले. ही भाषा मला पाठ होती. मला वाटते त्या पाच मिनिटांत तिची खात्री पटली. जो टॉवेल बनवीत नाही त्याला हे सांगता येत नाही. नंतर तिने भावाचे विचारले. मी सांगितले की तो माझ्या आईच्या भावाचा मुलगा. ती हसली आणि म्हणाली, तो कझिन झाला. पहिले चार दिवस प्रदर्शनाजवळच्या हॉटेलात आणि नंतर त्याच्याकडे राहणार, हे मी हॉटेलच्या बुकिंगसह दाखविले.

तेव्हा कागद असे असावेत की ते एकमेकांना साक्ष देतील. बोलावण्याच्या पत्रावरील कंपनी आणि जुन्या इन्व्हॉइसवरील कंपनी एक असावी. आयात-निर्यात कोड आणि जीएसटीच्या नोंदणीवर तुमच्या पेढीचे जे नाव आहे तेच पेढीच्या पत्रावर असावे. ‘अँड सन्स’ एकीकडे आणि ‘टेक्स्टाइल्स’ दुसरीकडे, असे आपल्यात फार चालते. घरी त्याचे काही वाटत नाही, तेथे दोन वेगळ्या पेढ्या दिसतात. पेढीच्या पत्रात खर्च पेढी करणार आहे आणि अमुक तारखेला परत येऊन धंदा पाहणार आहे, एवढे असले तरी पुरे. गिऱ्हाइकाच्या पत्रात मात्र तो तुम्हाला काही मेहनताना देणार असल्याचा शब्दही नसावा. एका तरुण व्यापाऱ्याच्या पत्रात गिऱ्हाइकाने मेहेरबानी म्हणून रोजचा मोबदला देऊ असे लिहिले होते. त्याच्या मामूने ते निघण्यापूर्वी वाचले म्हणून बरे, नाहीतर तोच कागद त्याच्यावर उलटला असता.

हा फोल्डर हातातील पिशवीत ठेवावा. मोठ्या बॅगेत टाकला तर खिडकीवर त्याचा उपयोग शून्य, कारण बॅगा इमिग्रेशननंतर मिळतात. आणि मागितल्याशिवाय एकही कागद पुढे करू नये. न विचारता गठ्ठा सरकविणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते, आणि त्या गठ्ठ्यातून नवेच सवाल निघतात.

पैशांचा सवाल हटकून येतो. भारतातून निघताना रोख परदेशी नोटा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डावर भरून न्यावी आणि त्याची पावती फोल्डरमध्ये ठेवावी. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड जवळ असेल तर ती जाहीर करावी लागते. जास्त रक्कम नेणे तेथे गुन्हा नाही, लपविणे गुन्हा आहे. कुटुंब बरोबर असेल तर सर्वांची मिळून रक्कम धरतात.

नावाची गोष्ट

आपल्या लोकांना नावाचाही त्रास होतो. अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असते आणि शेख, अब्दुल, मोहम्मद ही सारी नावे एकाच ओळीत असतात. अशा वेळी अमेरिकन व्हिसावर ती पूर्ण ओळ आडनाव म्हणून घेतात आणि नावाच्या जागी एफएनयू असे छापतात. त्याचा अर्थ पहिले नाव माहीत नाही. ते तुमचे नवे नाव नव्हे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण तिकीट काढताना नाव कसे टाकले आहे ते एकदा ताडून पाहावे. शक्य असेल तर व्हिसाच्या आधीच पासपोर्टवर आडनाव वेगळे करून घेणे सर्वांत बरे.

दुसरी गोष्ट, आपली नावे फार सारखी असतात. त्यांच्या यादीतील कोणाशी नाव जुळले की प्रत्येक खेपेला आतल्या खोलीत जावे लागते. असे दोन-तीनदा झाले तर नशिबाला दोष देत बसू नये. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची डीएचएस ट्रिप नावाची तक्रार-व्यवस्था २००७ पासून आहे. तेथे पासपोर्टची प्रत जोडून संगणकावरून अर्ज करता येतो. छाननीनंतर एक क्रमांक मिळतो, तो पुढे तिकीट काढताना लिहायचा असतो. त्यामुळे तुम्ही ‘तो’ माणूस नाही, हे आधीच कळते. सर्व चौकशी थांबेल अशी हमी नाही, पण नामसाधर्म्यापुरता त्रास कमी होतो.

आतली खोली

आत पाठविले म्हणजे अटक झाली, असे नव्हे. अनेकदा फक्त एखादी नोंद ताडायची असते. तेथे फोन वापरू देत नाहीत. म्हणून बाहेर घ्यायला येणाऱ्या माणसाला विमानात बसण्यापूर्वीच सांगून ठेवावे की तीन-चार तास लागले तरी घाबरू नकोस. माझ्या भाच्याने त्या दिवशी सोलापूरला फोन करून घर जागे केले होते. “मामू, तुम्ही त्यांना असं काय सांगितलंत?” हा त्याचा मला पहिला सवाल होता. पुढे देशांतर्गत दुसरे विमान पकडायचे असेल तर मध्ये किमान चार तास ठेवावेत, कारण इमिग्रेशन अमेरिकेत जेथे प्रथम उतरता तेथेच होते. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तेथील विमानतळावर २०१४ पासून अमेरिकन अधिकारीच बसतात आणि ही सर्व तपासणी विमानात चढण्यापूर्वी उरकते. तेथे नकार मिळाला तर अमेरिकेच्या खोलीत रात्र काढावी लागत नाही, घरी परत येता येते.

इंग्रजी समजत नसेल तर अंदाजाने ‘येस’ म्हणू नका. आपल्यात ही फार वाईट खोड आहे, समोरच्याचा मान राखायचा म्हणून आपण होकार देतो. “उर्दू इंटरप्रिटर, प्लीज” असे म्हणावे. दुभाषी बहुधा फोनवरून मिळतो. त्याला वेळ लागतो, पण वेळ गेला तरी चालेल.

फोन तपासण्याचा त्यांना अधिकार आहे. परदेशी पाहुण्याने फोन उघडून देण्यास नकार दिला तर त्याला आत घेण्यास ते नकार देऊ शकतात. आपला फोन स्वच्छ असतो, पण त्यातील थट्टामस्करी त्यांना थट्टा वाटत नाही. “आता तिकडेच दुकान टाक” असा चुलतभावाचा निरोप असेल तर त्याचे स्पष्टीकरण देता देता घाम फुटतो.

कागद आणि बोलणे जुळले नाही तर शेवटी दोनपैकी एक होते. अधिकाऱ्याच्या मर्जीने तुम्हाला आपणहून अर्ज मागे घेऊन परत जाण्याची मुभा मिळू शकते. व्हिसा बहुधा रद्द होतो, पण बंदीचा शिक्का बसत नाही. किंवा तडकाफडकी परत पाठविण्याचा हुकूम निघतो आणि मग पाच वर्षे जाता येत नाही. खोटे बोलून प्रवेश मागितल्याचे नोंदले गेले तर ती बंदी कायमची होते आणि खास सूट मागितल्याशिवाय उठत नाही. म्हणून मागे घेण्याची मुभा मिळेल का, हे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही. या वेळी सवाल-जवाब लिहून घेतात आणि पानोपानी सही मागतात. ते पान दुभाष्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. ‘वर्क’ची जी चूक मी केली ती तुमच्या तोंडी त्या कागदावर लिहिली असेल तर तेथेच दुरुस्त करून घ्यावी. वकील बोलाविण्याचा हक्क या तपासणीत साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी वाद घालून उपयोग नाही.

नमुने आणि खाऊ

इमिग्रेशन झाले की बॅगा घेऊन कस्टममधून जायचे असते, आणि तेथे पहिले उत्तर दुसऱ्यांदा तपासले जाते. व्यापारासाठी आलो म्हणालात आणि बॅगेत विकण्याजोगे साठ टॉवेल निघाले तर सारे मुसळ केरात. ऑर्डर घेण्यासाठी नेलेल्या नमुन्यांवर कर लागत नाही, पण ते विकण्यास निकामी केलेले असावे लागतात. प्रत्येक टॉवेलला ठळक जागी चांगली कापाची चीर द्यावी किंवा न धुतल्या जाणाऱ्या शाईने मोठ्या अक्षरांत ‘सॅम्पल’ असे लिहावे. हाताने विणलेल्या किनारीवर कात्री चालविताना जीव तुटतो, हे मलाही कबूल आहे. मी चौदा नमुने नेले होते, प्रत्येकाला कोपऱ्याजवळ चीर दिलेली आणि बरोबर यादी. अधिकाऱ्याने दोन उलगडून पाहिले आणि जाऊ दिले. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी लोक गाळ्यावर येऊन रोख पैसे देऊ करतात, हाच टॉवेल द्या म्हणतात. देऊ नये. तो एक टॉवेल विकला की तुम्ही ऑर्डर घेणारे राहत नाही.

खाण्याचे विचारले तर ‘नो’ म्हणण्याची घाई करू नये. आपल्या मनात ‘फूड’ म्हणजे जेवण. बॅगेत शेंगाचटणी, मसाला, खजूर काही असेल तर “येस” म्हणून नाव सांगावे. बहुतेक कोरडे जिन्नस जाऊ देतात. मांस, कोणत्याही रूपातले, घरून नेऊच नये, आणि ताजी फळेही नकोत. जाहीर केलेली वस्तू फार तर ते टाकून देतात, लपविलेल्या वस्तूवर दंड होतो.

बाहेर पडल्यावर एक गोष्ट उरते, ती बहुतेक लोक विसरतात. पूर्वी पासपोर्टमध्ये पांढरे कार्ड लावून देत असत. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद संगणकावर झाली आणि आता पासपोर्टवर शिक्का मारतीलच असेही नाही. ही आय-९४ नोंद i94.cbp.dhs.gov या ठिकाणी पासपोर्ट क्रमांक टाकून पाहता येते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाहावी आणि छापून घ्यावी. त्यात बी-१ लिहिले आहे की बी-२, आणि कोणत्या तारखेपर्यंत राहण्यास मुभा आहे, हे असते. सैरसपाट्याच्या बी-२ वर येणाऱ्यास साधारण सहा महिने मिळतात. बी-१ वाल्यास कामापुरते दिवस देतात, मला एक महिना मिळाला होता. ती तारीख व्हिसावरील तारखेपेक्षा वरचढ असते. तिच्यापेक्षा एक दिवसही जास्त राहिल्यास तो व्हिसा पुढे चालत नाही. नावाची, वर्गाची किंवा तारखेची चूक दिसली तर विमानतळाजवळ किंवा शहरात त्याच खात्याचे ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ नावाचे कार्यालय असते. पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि तोच फोल्डर घेऊन तेथे गेल्यास नोंद दुरुस्त करून देतात. हे परत निघण्याच्या दिवशी नव्हे, तर पहिल्याच आठवड्यात उरकावे.